हँडओव्हरच्या पत्रातलं ‘पूर्ण’

कामतघरच्या मनाली तरेला प्रश्न विचारायची लाज कधी वाटली नाही. बी.कॉम. होऊन ती मानकोलीच्या एका कापड गोडाऊनमध्ये गेट एन्ट्रीला लागली आणि ‘हे असंच का?’ विचारत विचारत स्टोअरची इन्चार्ज झाली. खरेदीपासून बिलापर्यंतचा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, म्हणजे ईआरपी घ्यायचं ठरलं, तेव्हा शेठने प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तिचंच नाव घातलं. आम्हाला भंडावतेस, आता कन्सल्टंटला भंडाव, म्हणाला.

कन्सल्टंट होता अनय कर्णिक. हुशार, शांत, चहाला कधी नाही न म्हणणारा. दोघांचं छान जमलं होतं आणि काम निम्म्यावर असताना गड्याने बंगलोरची नोकरी धरली. मनाली फुगून बसली. मग त्याचं हँडओव्हरचं पत्र आलं, ‘प्रति, प्रोजेक्ट मॅनेजर’ असं रीतसर. काय झालं, काय बाकी, कुठले निर्णय अडलेत, नव्याने येणाऱ्या ईरा सबनीसचा नंबर. सही करून पाठवा, असा त्याच्या कन्सल्टिंग कंपनीतल्या साहेबाचा निरोपही आला.

मनालीने सही केली नाही. पत्र घेऊन ती अनयच्या टेबलाशी गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ताग्यांची मीटरवार नोंद : पूर्ण.’ कापडाचे तागे काही एका मापाचे नसतात. कुठला शंभर मीटर भरतो, कुठला नव्वद. सॉफ्टवेअर मात्र सगळे शंभरचेच धरायचं. प्रत्येक ताग्याचं माप वेगळं नोंदवायची सोय अनयनेच खपून केली होती.

“पूर्ण म्हणजे कुठे पूर्ण?”

“टेस्ट सिस्टिमवर. तुम्हीच तपासलंत की, मॅडम.”

“आणि जिथे रोजचं काम होणार, तिथे?”

“तिथे अजून चढवलेलं नाही. ईराला सांगणार होतो मी.”

“ती विसरली तर मी कोणाला विचारू? तू बंगलोरला.”

मनाली त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. अनयने दुसरी खुर्ची ओढली. मग दोघांनी पत्रातला प्रत्येक ‘पूर्ण’ उलगडून लिहिला : कुठल्या सिस्टिमवर, कोणी तपासलं, पुढचं कोणी करायचं. बरेच ‘पूर्ण’ ‘बाकी’त गेले. अ‍ॅडमिनचं लॉगिन अनयच्याच नावावर होतं, तेही शेठच्या कंपनीच्या नावावर झालं. प्रोजेक्ट मागे पडल्यासारखा दिसतो, अशी कुरकुर साहेबाने फोनवर केली. मनाली म्हणाली, दिसतो नाही, पडलाच आहे. आत्ता कळलेलं बरं. शेठने तोंड वाकडं केलं, पण सिस्टिम चालू करायची तारीख पुढे ढकलली. तेव्हा कुठे तिने सही केली.

ईरा आली ती पत्र वाचूनच कामाला बसली. ताग्यांची सोय आधी चढवली, पुन्हा तपासून घेतली. सिस्टिम चालू झाली त्या दिवशी पडघ्याला निघालेल्या पहिल्या गाडीचं चलन आणि बिल मीटरला मीटर जुळलं. शेठने पेढे मागवले. मनालीने एक तोंडात टाकला आणि खोक्याचा फोटो अनयला पाठवून दिला.