गाळलेली अकरा नावं

प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीताई म्हणत. गव्हाच्या पानावरची बुरशी हा तिचा विषय, आणि ती बुरशीइतकीच चिवट. पीएचडी होऊन चार वर्षं सात महिने झाले होते. एवढ्यात तीन गावं झाली, कारण प्रत्येक करार वर्षा-दीड वर्षाचा. पोरीच्या बालवाडीसकट तीन शाळा झाल्या. नवरा घरी बसून भाषांतरं करायचा, त्यामुळे त्याचं बिऱ्हाड पाठीवर. पण पोरीचं काय? यंदाचा करार संपत आला, तेव्हा ताईनं ठरवलं की आता जिथं जायचं तिथं निदान तीन वर्षं पाय रोवायचे.

तिचे गाइड सर एका सकाळी उड्या मारतच आले. "अगं, नशीब काढलंस! मोठ्या प्रोफेसरांचं पत्र आलंय तुला. दहा दिवसांत हो म्हणून कळव."

मोठे प्रोफेसर म्हणजे या विषयातलं बडं प्रस्थ. पत्रात लिहिलं होतं: एक वर्ष, पुढे निधी मिळाल्यास मुदतवाढ. सासरे म्हणाले, "मोठ्या झाडाखाली बसावं, सावली मिळते." खरंय म्हणा, पण मोठ्या झाडाखाली दुसरं काही उगवत नाही, हे तिला शेतावर हिंडून ठाऊक होतं.

ती कामाला लागली. निधी देणाऱ्या संस्थेची मंजूर प्रकल्पांची यादी सगळ्यांना बघता येते. त्यात मोठ्यांचा चालू प्रकल्प तेरा महिन्यांनी संपत होता, आणि पुढचा कुठेच दिसत नव्हता. मग तिनं त्यांच्या वेबसाइटवरचं 'माजी सदस्य' हे पान उघडलं. वा! जो तो प्राध्यापक झालेला. पण गेल्या दहा वर्षांतल्या शोधनिबंधांवरची नावं तिनं त्या पानाशी ताडून पाहिली, तर अकरा माणसं गायब! काम करून गेलेली, पण पानावर पत्ता नाही.

अकराही जणांना तिनं पत्रं टाकली. सहा उत्तरं आली. एकीनं लिहिलं, तिथं माझं सोनं झालं. पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: वर्षावर वर्ष लटकत राहिलो, आणि निघताना स्वतःचा विषयही तिथंच ठेवून यावं लागलं.

दुसरी जागा एका छोट्या विद्यापीठातल्या बाईंकडे होती. फारसं नाव नाही. माजी सदस्यांच्या यादीत मात्र सगळे, अगदी एक बेकरीवालासुद्धा! ताईनं त्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, "बाईंनी मला यीस्ट शिकवलं, मी पाव केले. वडील आजारी होते तेव्हा करार सहा महिने वाढवून दिला त्यांनी. शब्दाच्या पक्क्या आहेत."

बाईंशी बोलणं झालं. "माझ्याकडे एकाच वर्षाचे पैसे आहेत," त्या स्पष्टच म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतःच्या नावानं तीन वर्षांच्या फेलोशिपला अर्ज का करत नाही?"

"मुदत गेली. पीएचडीनंतर चारच वर्षं चालतात."

"मुलगी केवढी आहे तुमची?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथंही तेच का? पुरुषाला विचारलं असतं? "सात वर्षांची. काही अडचण आहे?"

"अहो, रागावता काय! नियमावली शेवटपर्यंत वाचली नाहीत? मूल पीएचडीच्या आधीचं असो वा नंतरचं, आईला अठरा महिने वाढवून मिळतात. जन्मदाखला जोडा. मी यजमान म्हणून सही करते, आणि विषय तुमचा, जाताना तुमच्यासोबत जाईल, हेही लिहून देते."

ताईनं तिथल्या तिथं नियमावली उघडली. एवढा शास्त्राचा अभ्यास, आणि नियमांचं पाचवं पान कधी उलटलं नव्हतं!

नवव्या दिवशी तिनं मोठ्यांना नकार कळवला. गाइड सर लालबुंद झाले. "हातातलं सोडून पळत्याच्या मागे? वेडी आहेस तू!" रात्री तिलाही धाकधूक वाटली, कशाला खोटं बोला. पण अर्ज लिहिला, सात वेळा खोडला, पुन्हा लिहिला. बाईंकडे रुजू झाली, पोरीची चौथी शाळा सुरू झाली, आणि वाट बघण्यात पाच महिने गेले.

निकाल मंगळवारी दुपारी आला. मंजूर! पूर्ण तीन वर्षं, आणि 'प्रमुख संशोधक' या रकान्यात एकटीचं नाव. बाईंनी तिला कडकडून मिठी मारली. सरांचा फोन आला, तेव्हा ते आधी खाकरले आणि मग म्हणाले, "जिंकलीस गं. मीच चुकलो." ताई शेफारल्यासारखी हसत घरी आली.

पोरगी दप्तर भरत होती. ताईनं तिला सांगितलं, "आता तीन वर्षं कुठं जायचं नाही."

"नक्की?"

"नक्की. लिहून आलंय."

पोरगी विचार करून म्हणाली, "मग मी शाळेच्या नाटकात नाव देते. ते पुढच्या वर्षी आहे ना, म्हणून दिलं नव्हतं."

दुपारपासून हसणारी बुरशीताई तिथंच जमिनीवर बसली आणि आनंदानं ढसाढसा रडली.