पैलवानाचा अंगठा

पार्टच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि हे नाव आपल्याला शोभतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं. गिऱ्हाइकानं मोबाइल पुढे केला की हा चष्मा कपाळावर सरकवायचा, एक डोळा मिटायचा आणि फोटोकडे बघून पार्ट सांगायचा. गाडी कोणती, कधीची, चॅसी नंबर काय, असलं काही विचारणं म्हणजे त्याला नापास झाल्यासारखं वाटे. आणि फोटो तरी कसले यायचे! एकानं ब्रेकचा सेन्सर हातात धरून स्वतःचाच हसरा फोटो पाठवला होता. चेहरा लख्ख, सेन्सर धूसर. दुर्बिणीनं तोही ओळखला. आता त्यावर आठवडाभर शेखी मिरवली नसती तर तो दुर्बीण कसला!

पण अंदरकी बात सांगायची तर या विद्येचं निम्मं श्रेय कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या अंगठ्याचं होतं. हा मेकॅनिक म्हणजे पैलवान. दुकानाचे बहुतेक फोटो त्याच्याकडूनच यायचे, आणि पार्ट हातात धरून अंगठा वर ठेवायची त्याला सवय. अंगठाही साधासुधा नव्हे, दुसऱ्याची दोन बोटं! फोटोत पार्ट लहान की मोठा हे एरवी कळत नाही. जवळून काढला की नटसुद्धा चाकाएवढा दिसतो. दुर्बीण मात्र अंगठ्याच्या मापानं सगळं जोखायचा. स्कूटरचा बेल्ट अंगठ्याखाली झाकला गेला तर अरुंद, दोन्ही बाजूंनी डोकावला तर रुंद. हे गुपित त्यानं पैलवानालाही कधी सांगितलं नव्हतं.

आता दुर्बिणीच्या बायकोचं ऐका. बाईनं मुलं मोठी होईपर्यंत घर सांभाळलं आणि मग पुन्हा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. काम घरोघरी जाऊन सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं. लॅबच्या मॅडमनी बजावलं होतं, “सोमवारपासून एक आठवडा बघू. गाडी स्वतःची हवी. उशीर झाला तर ही फेरी दुसरीला.” दुसरी तयारच होती, नवी कोरी गाडी घेऊन. म्हणून बायकोनं जुनी स्कूटर घेतली, आणि शनिवारी दुपारी भर चौकात तिचा बेल्ट फाटकन तुटला. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना. ढकलत ढकलत तिनं ती पैलवानाकडे नेली आणि नवऱ्याला फोन लावला.

“अहो, दादा म्हणतायत या मॉडेलला दोन बेल्ट येतात. मधेच कंपनीनं इंजिन बदललंय. बेल्टवरचे आकडे पार घासून गेलेत. चॅसी नंबर वाचून दाखवू का?”

“कशाला? फोटो पाठवायला सांग त्याला. मी आहे ना!”

“अहो, पण सोमवारी सकाळी—”

“तू काळजीच करू नकोस!”

फोटो आला. काळा बेल्ट, त्यावर काळाकुट्ट अंगठा, आणि बेल्ट अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी चांगला ऐसपैस डोकावतोय. दुर्बिणीनं एक डोळा मिटला. “रुंद,” तो स्वतःशीच म्हणाला आणि शहरातल्या गोदामाला ऑर्डर देऊन मोकळा झाला.

रविवारी संध्याकाळी बेल्ट आला. दुर्बीण स्वतः तो घेऊन ऐटीत गॅरेजवर गेला. पैलवानानं स्कूटरचं बाजूचं झाकण उघडून ठेवलं होतं. त्यानं बेल्ट मागच्या पुलीवर चढवला, पुढच्या पुलीत घातला आणि थांबला. बेल्ट तबकड्यांच्या मध्ये खाली उतरेचना. काठावर अडकून बसला.

“शेठ, हा रुंद आहे.”

“दाब जरा.”

“दाबून काय होणार? याची जात दुसरी आहे!”

“शक्यच नाही. फोटोत अंगठ्याच्या बाहेर चांगला इतका दिसत होता,” दुर्बीण बोलून गेला.

“कोणाच्या अंगठ्याच्या?”

“तुझ्या! एवढी वर्षं मी त्यावरच तर…” इथे त्याची जीभ अडखळली, पण बाण सुटला होता. पैलवान आपल्या अंगठ्याकडे नव्यानंच बघायला लागला.

“माझा कुठला?” तो म्हणाला. “मी तर फोटो काढत होतो. बेल्ट वहिनींनी धरला होता. तुटलेले तुकडेही त्यांनीच बाहेर काढले, म्हणून हात काळे.”

बायको स्टुलावर बसली होती. ती उठली, मोबाइलमधला तो फोटो काढला आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“हा पैलवानाचा अंगठा वाटला तुम्हाला?”

दुर्बिणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फोटोत काळ्या भुकटीतूनही निमुळता अंगठा स्वच्छ दिसत होता. कापून नीट गोल केलेलं नख दिसत होतं. आता दिसत होतं हो! शनिवारी तो बेल्ट बघत होता.

“कुणाच्याही गाडीचं बेअरिंग ओळखता,” बायको म्हणाली, “आणि बायकोचा हात ओळखता येत नाही. कमाल आहे!” बोलताना तिचा आवाज कापला, आणि हे त्याला रागापेक्षा जास्त लागलं.

पैलवानानं गुपचूप बॅटरी घेऊन चॅसी नंबर वाचला. दुर्बिणीनं निमूटपणे तो कंपनीच्या यादीत घालून पाहिला. बेल्ट अरुंदच निघाला. तुटलेल्या बेल्टशेजारी पट्टी ठेवूनही माप घेतलं, तर त्याहूनही कमी भरलं, कारण जुना बेल्ट झिजलेला असतो. तेव्हा नंबर सांगेल तेच खरं. ऑर्डर गेली. पण बेल्ट यायचा सोमवारी संध्याकाळी, आणि फेरी होती सोमवारी सकाळी.

“उद्या मी नेतो तुला,” दुर्बीण म्हणाला. “दुकान उशिरा उघडीन.”

“उजाडताच निघायचं,” ती म्हणाली.

सकाळी उजाडता उजाडता त्याच्या खटारा मोटारसायकलवर मागे ती, आणि तिच्या मांडीवर रक्ताचे नमुने ठेवायची बर्फाची पेटी. “खड्डे बघा! बाटल्या आहेत!” दर घराला तो खाली उभा राहायचा. शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावरचं, जिना अरुंद, म्हणून पेटी त्यानं वर नेली. आत खाटेवर एक आजी, दोन्ही हात निळेजांभळे.

“मागची बाई चार वेळा टोचून गेली,” आजी म्हणाल्या. “शीरच सापडत नाही माझी. तूही टोच बाई, काय करणार.”

बायकोनं दंडाला पट्टा बांधला. टोचलं नाही. अंगठा आजींच्या कोपराच्या खळीत ठेवून हळूहळू फिरवत राहिली, डोळे भलतीकडेच. एके ठिकाणी अंगठा थांबला. मग सुई. बाटलीत रक्त सरसर चढलं.

“झालं?” आजींनी विचारलं.

“झालं.”

“अगंबाई! कळलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात हिलाच पाठवा म्हणून सांगणार मी लॅबला. आणि हा कोण गं, तुझा मदतनीस?”

“शिकतोय अजून,” बायको म्हणाली.

दारात पेटी धरून उभा असलेला दुर्बीण तिच्या हाताकडे बघत होता. अंगठ्याच्या पेराशी एक बारीक पांढरा व्रण होता, जुना, आणि तो कधी झाला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची भारी लाज वाटली.

जिना उतरताना त्यानं विचारलंच, “हे अंगठ्याला काय लागलं होतं गं?”

ती एक पायरी थांबली. “धाकट्याच्या वेळी. दुधाची बाटली फुटली होती. तुम्ही दुकानात होता.” मग तिनं पेटी त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाली, “चला, मॅडम वाट बघतायत. नऊच्या आत पोचवलंत तर तुमची पण नोकरी पक्की.”