वरचा हॉल, खालचा हॉल

चूक थांबाशेठांचीच होती, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नव्हती. एका इमारतीत दोन हॉल, एक वर, एक खाली. एकाच तारखेला दोन्हीकडे लग्न, दोन्ही मुलींचे बाप एकाच बँकेतले. पहिल्याने फोटोंसाठी तारीख धरून शेठांना अ‍ॅडव्हान्स दिला. महिन्याने दुसऱ्याने फोन करून तीच इमारत, तीच तारीख सांगितली आणि पैसे पाठवले, तेव्हा शेठ एका साखरपुड्यात शिडीवर उभे होते. त्यांना वाटलं, त्याच लग्नाचा दुसरा हप्ता आला. 'बँकवाले, पोचले' असं डायरीत लिहून ते पुन्हा शिडीवर चढले.

थांबाशेठ हे नाव गावाने ठेवलेलं. प्रत्येक फोटोआधी ते 'थांबा' म्हणत, आणि नवरा-नवरीच काय, वाढपीसुद्धा थांबत. वीस वर्षांत कमावलं ते एवढंच. लग्नाचे चार महिने हाताला उसंत नाही, उरलेले आठ पासपोर्ट फोटो आणि शाळेचे ग्रुप फोटो. चार महिन्यांच्या कमाईवर आठ महिने काढायचे, म्हणून आलेली तारीख ते सहसा सोडत नसत.

आठ दिवस आधी दोन्ही बापांनी वेळ कळवली. दोघांचीही अकराची. शेठ खुर्चीत बसले ते बसलेच. एकाला नाही म्हणावं, तर बँकेच्या एकाच टेबलावर बसून दोघे त्यांचं नाव धुऊन वाळत घालणार.

मेहुणी दुकानात सहा वर्षं फोटो निवडायची, रंग दुरुस्त करायची, अल्बम लावायची. शेठांचं काय राहून जातं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, खालचं मी करते. पण आधी त्यांना खरं सांगा."

शेठांनी सांगितलं. खालच्या बँकवाल्यांनी तिने काढलेले दोन बारशांचे फोटो बघितले, दर थोडा कमी करून घेतला आणि 'बघू' म्हणाले. हा होकार की धमकी, हे शेठांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

लग्नाच्या सकाळी मेहुणीने दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली, प्रत्येकात दोन-दोन कार्डं घातली आणि बजावलं, "खाली यायचं नाही." शेठ तीनदा खाली गेले. पहिल्यांदा उजेड बघायला, दुसऱ्यांदा ती घाबरली की काय ते बघायला. ती घाबरलेली नव्हती, ती कुणाला 'थांबा' म्हणतच नव्हती. लोक आपापलं हसत-रडत होते आणि ती मधून मांजरासारखी फिरत होती. हे काय चाललंय ते शेठांना कळेना, म्हणून तिसऱ्यांदा गेले.

तेवढ्यात वर नवऱ्याच्या हातातून अंगठी निसटली आणि घरंगळत नवरीच्या आजोबांच्या बुटाखाली गेली. सगळे वाकून शोधू लागले आणि ते कडक आजोबा खो खो हसले. त्यांना हसताना घरातल्यांनीही फारसं पाहिलं नव्हतं. शेठ धापा टाकत जिना चढून आले, तेव्हा अंगठी बोटात होती आणि आजोबांचा चेहरा पूर्वीसारखा बंद झाला होता.

अल्बम दोन्ही घरी गेले. खालच्या लग्नातल्या पाहुण्यांकडून महिन्याभरात तीन फोन आले, तिन्ही सारखेच: "त्या बाई मोकळ्या आहेत का?" पाटीवर नाव शेठांचं, विचारणा बाईंची. धंदा वाढला की आपण आटलो? बाईंचा दर आपल्याइतका सांगावा की कमी? कमी सांगावा तर ती दुसऱ्याकडे जाईल, सारखा सांगावा तर आपल्याला कोण बोलावणार? बायको म्हणाली, एका तारखेला दोन लग्नं होतात, यात रडण्यासारखं काय आहे? शेठांनाही तेच कळत नव्हतं. तरी पावसाळ्याआधी त्यांनी डायरीत दोन रकाने पाडले, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर काय लिहावं हे न सुचल्याने तो तसाच ठेवला. पहिली तारीख मात्र त्यातच पडली.

वरचे बँकवाले सज्जन निघाले. फोटो छान आहेत म्हणाले, सगळे पैसेही दिले. फक्त जाताना म्हणाले, "पोरीचे आजोबा हसले होते हो. तेवढा एक फोटो तुमच्याकडे बाकी राहिला."

शेठ कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले. विनोद सांगितले, स्वतः अंगठी पाडून दाखवली. आजोबांनी ती उचलून परत दिली आणि पासपोर्टला बसावं तसे ताठ बसले. मेहुणी म्हणते, मला पाठवा. शेठ म्हणतात, हा माझा आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय.