रंभाबाईच्या मायचा शब्द

रंभाबाई कुणाशी भांडली, असं कापडगिरणीतल्या सूत गुंडाळायच्या रिळाच्या खात्यात कुणी पाहिलं नव्हतं. ती नागपुरातल्या त्या गिरणीत लग्नानंतर दोन वर्षांनी लागली आणि नवरा गेल्यावर तिथेच राहिली. घरी एक लेक आणि म्हातारी सासू, दोघींची चूल तिच्या हातांवर पेटायची. अशी बाई चैत्राच्या तोंडावर साहेबाचा हुकूम मोडायला उभी राहिली, तेव्हा सगळं खातं चाट पडलं.

हुकूम साधा होता. शहरात देवीची साथ आली होती. सोमवारपर्यंत ज्याच्या दंडावर देवी काढल्याची, म्हणजे टोचल्याची, खूण नसेल त्याने गिरणीच्या दवाखान्यात टोचून घ्यावं, नाहीतर कामावर येऊ नये.

"माह्या मायनं नवस बोलला हाय," रंभाबाई हेडक्लार्क बापूजींना म्हणाली. "माह्या अंगाले सुई लागू देणार नाई म्हणून. माय मरून गेली, पण शब्द त हाय ना जी."

बापूजी माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या पलीकडे त्याची नजर कधी गेली नाही. त्याने चष्मा पुसला आणि समजावलं. सरकारचा कायदा लहान लेकरांसाठी आहे. मोठ्या माणसाला धरून कोणी टोचू शकत नाही, साहेबही नाही. पण गिरणी साहेबाची आहे. नियम न पाळणाऱ्याला तो नोटीस देऊन, झालेला पगार हातावर ठेवून, घरी पाठवू शकतो. आजारी असेल त्याला डॉक्टर सूट देतो, आणि ज्याला देवीचा आजार होऊन गेला त्याला टोचायची गरजच नसते. नवसाची सूट मात्र कुठेच नाही.

"तुला झाला होता का कधी देवीचा आजार?"

"आजार? नाई जी! आजार कसाचा?" रंभाबाईने कानाला हात लावला. बापूजीने पुढच्या बाईला हाक मारली.

आता हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण तिने खोटं सांगितलं नव्हतं. लहानपणी अंगावर देवी आल्या तेव्हा ती महिनाभर कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होती, दारावर डहाळे टांगले होते, घरात फोडणी बंद होती. तिच्या मायसाठी ती माता घरी पाहुणी आली होती. पाहुणीला आजार म्हणायची तिच्या घरात कुणाची छाती नव्हती. माता पोरीला जिवंत ठेवून गेली, म्हणून तर मातेचा मान राखायला सुई न लावण्याचा तो नवस. खुणा पाठीवर आणि पोटावर राहिल्या, तोंड साफ राहिलं, त्यामुळे कुणाला कळायला मार्गच नव्हता.

सोमवारी रंभाबाई दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. कुणी ओढत आणलं नव्हतं. लेकीचं तोंड डोळ्यांसमोर ठेवून ती आपल्या पायांनी आली होती. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा उचलला. तिने चोळीची बाही वर सारली आणि डोळे मिटले.

"माय, माफ कर वं मले," ती रडवेल्या आवाजात पुटपुटली.

मागे उभ्या असलेल्या प्रयागबाईने ते ऐकलं. ती रंभाबाईच्याच गल्लीतली, न्हाणीत पाठ घासून देणारी शेजारीण. तोंडाची फाटकी म्हणून तिला सगळे नावं ठेवत. त्या दिवशी तेच तोंड कामी आलं.

"काहून रडून राहिली वं? अन् डागतरसाहेब, इले काहून टोचता? इच्या अंगात त माता येऊन गेली हाय! पाठ पाहा इची, सारी खड्डे खड्डे हाय!"

डॉक्टरांचा हात थांबला. "मग बापूजींच्या यादीत तुझ्या नावापुढे आजार झाला नाही असं का लिहिलंय, बाई?"

"मातेले आजार कोण म्हणल जी?" रंभाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी दवाखान्याच्या नर्सबाई कुसुमताईंना पडद्यामागे तिची पाठ बघायला सांगितली. कुसुमताई बाहेर आल्या आणि होकारार्थी मान डोलावली. डॉक्टरांनी बोळा खाली ठेवला. "देवी येऊन गेलेल्याला लहान असलं तरी कायदा टोचायला सांगत नाही, मग तुला कशाला टोचू? जा, कामाला लाग."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बापूजीने ती वाचली आणि तोंड कसनुसं करून तिला फाटकातून आत सोडलं.

रिळापाशी पोहोचल्यावर मात्र रंभाबाई तिथेच फरशीवर बसली आणि मोकळी रडली, अगदी हुंदके देऊन. प्रयागबाई घाबरली. "आता काय झालं वं? सुटली ना तू!"

"सुटली वं," रंभाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "पण मी त हात पुढं केला होता. लेकीसाठी मायचा शब्द मोडाले निंगाली होती."

"अन् माय असती त तिनं काय केलं असतं?"

रडता रडता रंभाबाईला हसू आलं.

"तिनंच माही बाही वर केली असती," ती म्हणाली, आणि उठून कामाला लागली.