शेजारची मॅडम

भाईंदरच्या आमच्या कॉलेजात समुपदेशक मी एकटीच. प्राचार्यांनी माझ्याच बिल्डिंगमधली मुलगी माझ्याकडे पाठवली, तेव्हा त्यांना म्हटलं, "शेजारची आहे, बाहेरचं कुणीतरी बघा."
"ओळखीचीच आहे, उलट बरं!"
डोंबलाचं बरं! हळदीकुंकवाला तिच्या आईने सगळ्यांदेखत विचारलं, "आमची पोरगी काय सांगते हो तुम्हाला?"
"माझ्याकडे कोण येतं, तेही मी सांगत नाही."
पुढच्या आठवड्यात मुलगी दारातूनच म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही तिला सगळं सांगितलंत." माझं ऐकायलाही थांबली नाही.
संध्याकाळी लिफ्टमध्ये तीच आई गोड हसली. तिला खोटारडी म्हणायचं, तर मुलगी दारात माझ्याशी काय बोलली ते सांगावं लागलं असतं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मीही हसले.