मोहनमाळेवरचा विक्रीकर

धाकट्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे कागद म्हटला की माझ्या हातात यायचा. रेशनकार्ड असो, विजेचं बिल असो, मी वाचून सांगायचे आणि वडील मान डोलवायचे. त्याची मला हळूहळू घमेंड आली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वडील पोस्टात टपाल वर्गवारीच्या कामाला होते. मूळचे सटाण्याकडचे. नाशकात येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांना इथली बोली परकीच वाटायची. सराफ बाजारातले एक सराफ मात्र त्यांच्याच भागातले निघाले. लहानसं दुकान, पांढरी गादी, भिंतीवर परवान्याचा कागद. दर शनिवारी पाळी संपली की वडील तिथं जाऊन बसायचे. सोनं घ्यायला नाही, बोलायला. "काय भाऊ, बरं शे ना?" एवढं ऐकलं की त्यांचा चेहराच बदलायचा. घरी आमच्याशी न बोलणारा हा माणूस तिथं तास तासभर अहिराणीत बोलत बसायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बहिणीसाठी मोहनमाळ करायची ठरली. आईनं आपल्या पाटल्या आणि वजरटीक काढून दिली. वडील ते दागिने घेऊन एकटेच सराफांकडे गेले आणि दोन दिवसांनी माळ आणायला मला बरोबर घेऊन गेले. बिल तू बघून घे, असं त्यांनीच सांगितलं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सराफांनी माळ तराजूत घालून दाखवली, वीस ग्रॅम भरली. मग बिल पुढे सरकवलं. त्यात सोन्याचं वजन आणि त्या दिवसाचा भाव, खाली दीड ग्रॅम घट, तिच्याखाली घडणावळ, अशा ओळी होत्या. या सगळ्यांची बेरीज करून त्या बेरजेवर विक्रीकर लावला होता, अडुसष्ट रुपये. शेवटी जुन्या सोन्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम मांडली होती.

मी पेन्सिल काढली. आदल्याच महिन्यात कॉलेजात शिकले होते की विक्रीकर मालाच्या विक्रीवर असतो, मजुरीवर नसतो. मी सराफांना विचारलं की घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरीच ना, मग तिच्यावर कर कसा?

ते म्हणाले, दागिना विकताना घडणावळ त्याच्या किमतीतच धरली जाते, म्हणून कर सगळ्यावर बसतो.

मी घटीवर आले. घट म्हणजे वितळवताना, कानशीनं घासताना जे सोनं वाया जातं ते. माळेत नसलेल्या सोन्याचे पैसे आम्ही द्यायचे आणि वर त्याच्यावर करही? ते शांतपणे म्हणाले, तीसुद्धा किमतीतच येते.

तेव्हा मी आवाज चढवला. बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली होती आणि मला ते आवडत होतं.

"सोनं आमचं आहे. तुम्ही फक्त घडवून दिलंत. मग विक्री झाली कुठे? गरीब माणूस बघून कर लावता का?"

सराफांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. मग सराफांनी बिलावरची शेवटची रक्कम खोडली, अडुसष्ट रुपयांनी कमी करून लिहिली आणि म्हणाले, "कर बिलात राहील ताई, तो मला भरावाच लागेल. तुमच्याकडून घेत नाही."

मी पैसे मोजून दिले. बाहेर पडताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी जाऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. वडील तोवर अंगणात जाऊन बसले होते.

लग्न पार पडलं. त्यानंतरच्या शनिवारी वडील पाळी संपवून सरळ घरी आले. पुढच्याही शनिवारी. मला वाटलं, त्या माणसाची लबाडी कळली म्हणून त्यांनी जाणं सोडलं. मला त्याचा अभिमानच वाटला.

चार वर्षांनी मी एका कर सल्लागारांकडे हिशेब लिहायला लागले. त्यांच्या अशिलांमध्ये एक सराफही होते. त्यांची बिलं लावताना मी पाहिलं, प्रत्येक बिलात घट आणि घडणावळ धरून कर होता. मी सल्लागारांना विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. गिऱ्हाइकानं आपलं सोनं दिलं आणि त्याच सोन्याचा दागिना घडवून घेतला, तर घडणावळ ही मजुरी, तिच्यावर विक्रीकर नाही; घट त्याच्याच सोन्यातून जाते, आणि सराफानं काही सोनं पदरचं घातलं तर तेवढ्यावरच कर. पण जुनं सोनं मोडून तयार दागिना घेतला, तर ते दोन व्यवहार. सराफानं जुनं विकत घेतलं आणि नवा दागिना पूर्ण किमतीला विकला. कर त्या पूर्ण किमतीवर. जुन्याची किंमत नंतर वजा होते.

त्यांनी पुढे त्या बिलांमधली घडणावळ आणि घटही दाखवली. आमच्या सराफांनी त्याच्या निम्म्यानंसुद्धा लावली नव्हती.

संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, आपली माळ आपल्याच सोन्याची होती ना? ते म्हणाले, नाही. पाटल्या आणि वजरटिकेतली लाख काढून उरलेलं सोनं त्यांनी मोडीत घातलं होतं, खरेदीच्या चिठ्ठीवर सहीही केली होती. सराफांनी सुचवलं होतं की महिनाभर थांबलात तर तुमच्याच सोन्याची घडवून देतो, कर लागणार नाही. पण लग्नाला तेवढा अवधी नव्हता, म्हणून दुकानातली तयार माळ पसंत करून ठेवली होती.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"तू चारचौघांत बोलत होतीस," ते म्हणाले. "तुला चारचौघांत खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही. आणि मग त्याच्यापुढे जायला तोंड राहिलं नाही."

मी एवढंच म्हटलं की आपण दोघं जाऊ, मी माफी मागते. त्यांनी लगेच होकार दिला नाही. पण शनिवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवलेला मला दिसला.

दुकानात गादीवर सराफांचा मुलगा होता. वडिलांना त्यानं ओळखलं, उठून उभा राहिला, पाणी मागवलं. मग त्यानं सांगितलं की त्याचे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. तुमच्या ऑफिसात निरोप ठेवला होता, म्हणाला. तो पोचलाच नव्हता.

मी अडुसष्ट रुपये काढले आणि कशाचे ते सांगितलं. त्यानं नोटा परत माझ्याकडे सरकवल्या. असं काही वहीत मांडलेलं नाही, मग घेऊ कसे, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

वडिलांनी त्याला अहिराणीत काहीतरी विचारलं. तो जरा ओशाळला. त्याला ती बोलता येत नव्हती. त्यानं मराठीतच उत्तर दिलं, आणि वडील मराठीतच पुढचं बोलले, मुलाबाळांचं, धंद्याचं, दोन-चार वाक्यं. मग आम्ही निघालो. बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्या मागून चालत होते. बरोबरीनं चालायचं धाडस झालं नाही.