गोदावरीबाईंची कपडे वाळवायची चौकट

साकोलीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही. कपडे वाळत घालायचे तर गच्ची गाठावी लागते, आणि माझ्या वरच्या फ्लॅटमधल्या गोदावरीबाई ती रोज गाठत. त्यांचे यजमान तेजरामभाऊ लकव्याने अंथरुणाला खिळलेले, उजवं अंग पार गेलेलं. त्यांच्या चादरी धुवायच्या, पिळायच्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वर न्यायच्या. बाई थकून गेल्या होत्या. विचारलं तर म्हणत, "चालू हाय, बाबू."

बाल्कनीच्या भिंतीला ग्रिलची चौकट बसवली की तो चढ वाचणार होता. पण बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी लागते. बाईंनी अर्ज लिहिला. पाणी गळलं तर माझ्याच बाल्कनीत गळणार, म्हणून 'हरकत नाही' असं मी लगेच लिहून दिलं.

सचिव यादोरावांनी अर्ज परत केला. "वहिनी, फ्लॅट भाऊच्या नावानं हाय. सभासदाचीच सही पायजे."

भाऊंनी डाव्या हाताने कशीबशी सही ओढली. ती जुन्या सहीशी जुळेना. "अंगठा चालते, दोन साक्षीदार घ्या," यादोराव म्हणाले. माणूस वाईट नाही, पण मला चीड आलीच. तोवर त्या महिन्याची कमिटीची बैठकही होऊन गेली.

अंगठा! भाऊंचे वडील मंगरू लोकांच्या शेतात, धानाच्या बांधीत राबले आणि वाचता न येणाऱ्या कागदांवर अंगठे देत राहिले. मुलगा शिकून कारकून झाला. नोकरी लागली त्या दिवशी त्याने अंगणातल्या मातीत काडीने स्वतःची सही काढून बापाला दाखवली. हे भाऊंनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं.

शाईचा पॅड घेऊन मी आणि शेजारचे बाबुलाल गेलो.

"अंगठा नाई देत मी," भाऊ म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. ओल्या चादरींची बादली उचलली आणि निघाल्या. दार उघडंच होतं. बादली पायरीवर टेकल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता. मग पुन्हा तोच आवाज, थोडा वर. भाऊ छताकडे बघत ऐकत होते. आवाज गच्चीपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला.

"आन तुही शाई."

पुढच्या बैठकीत ठराव झाला. चौकट कठड्याबाहेर जाऊ नये, खाली पाण्यासाठी ट्रे असावा, भिंतीत ओल आली तर खर्च सभासदाचा. वेल्डर आला आणि चौकट लागली.

मी ती बघायला वर त्यांच्या घरी गेलो होतो. पहिली चादर पसरून बाई पलंगाशी टेकल्या. भाऊंनी डावा अंगठा मुठीत दाबून धरला होता. बाईंनी मूठ उघडली आणि ओल्या पदराने अंगठा पुसत बसल्या. शाई केव्हाच गेली होती.